लॉटच्या वजनाची सरासरी पुन्हा पुन्हा का उधळते: छाटलेली सरासरी आणि मॅड वापरून दुरुस्ती

सोलापुरात टेरी टॉवेलच्या कारखान्यांत फोल्डिंग खात्यात प्रत्येक लॉटमधले काही नग काट्यावर ठेवतात, वजनं वहीत टिपतात आणि संध्याकाळी कोणीतरी ती एक्सेलमध्ये चढवतं. शीट सरासरी आणि प्रमाण विचलन दाखवते. यातलं बहुतेक काम नीट चालतं. पण दोन-तीन भलते आकडे घुसले की शीट काहीच्या बाही बोलायला लागते, आणि हा बिघाड एकदा दुरुस्त केला तरी पुढच्या लॉटला परत येतो. ही पोस्ट त्याच बिघाडाबद्दल आहे.

लक्षणं

- ४५० ग्रॅमच्या टॉवेलची सरासरी साडेसहाशेच्या वर दिसते. त्या वजनाचा एकही टॉवेल अख्ख्या लॉटमध्ये सापडत नाही.
- प्रमाण विचलन सरासरीपेक्षाही मोठं येतं.
- सरासरी अगदी बरोबर दिसते, पण विचलन अवाढव्य असतं. हे जास्त फसवं, कारण सरासरीचा खाना बघून लोक शीट बंद करतात.
- ‘सरासरीपासून ३ प्रमाण विचलनांच्या बाहेरचं काढा’ हा नियम लावला तरी उघड चुकीचा आकडा तसाच राहतो.
- छाटलेली सरासरी काढणारं `TRIMMEAN` लावूनही फरक पडत नाही, किंवा एकाच डेटावर ऑफिसातल्या दोघांची उत्तरं जुळत नाहीत.
- पसरण मोजणारा मॅड शून्य येतो आणि पुढच्या खान्यात `#DIV/0!` झळकतो.

खालच्या सगळ्या तपासण्या एकाच नमुन्यावर करून दाखवल्या आहेत. टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ४०० जीएसएमचा. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणजे वजन ४५० ग्रॅम भरायला हवं. २० नगांची नोंदलेली वजनं चढत्या क्रमाने अशी:

४३९, ४४१, ४४३, ४४४, ४४६, ४४७, ४४८, ४४९, ४४९, ४५०, ४५०, ४५१, ४५२, ४५३, ४५४, ४५५, ४५६, ४५८, ९०४, ४५२०

या २० आकड्यांची सरासरी ६७५.५ आणि प्रमाण विचलन ९१०.६. शेवटचे दोन बाजूला ठेवले तर उरलेल्या १८ नगांची सरासरी ४४९.२ आणि विचलन ५.२. म्हणजे माल चांगला विणलाय, घोटाळा फक्त नोंदीत आहे.

१. आधी सॉर्ट करा आणि दोन्ही टोकं डोळ्यांनी बघा

फुकटची आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी, म्हणून पहिली. स्तंभ चढत्या क्रमाने लावा, वरचे तीन आणि खालचे तीन आकडे वाचा. वजनाच्या नोंदीतले भलते आकडे सहसा ठरावीक साच्याचे असतात, आणि साचा ओळखला की कारणही कळतं. साधारण दुप्पट आकडा (९०४) म्हणजे काट्यावर दोन नग एकत्र गेले. बरोबर दहापट आकडा (४५२०) म्हणजे काट्यावर 452.0 दिसत होतं आणि चढवताना टिंब सुटलं. एक दशांश आकडा (४५.२) म्हणजे टिंब चुकीच्या जागी पडलं. सगळेच आकडे एका ठरावीक वजनाने जास्त असतील तर टेअर न करता ट्रेसकट वजन घेतलंय. हा मात्र भलत्या आकड्याचा प्रकार नाही आणि या पोस्टमधलं कोणतंही साधन तो पकडणार नाही.

त्याच वेळी `COUNT` आणि `COUNTA` शेजारी शेजारी लावा. दोन्ही उत्तरं सारखी नसतील तर काही वजनं आकडा म्हणून नाही, मजकूर म्हणून बसली आहेत. `AVERAGE` आणि `MEDIAN` अशा खान्यांकडे मुकाट दुर्लक्ष करतात. २० नग मोजले म्हणून समजायचं आणि हिशेब १७ चाच व्हायचा.

२. सरासरीच्या शेजारी मध्यक लिहा

```
=AVERAGE(A2:A21)
=MEDIAN(A2:A21)
```

आपल्या नमुन्यात पहिलं उत्तर ६७५.४५, दुसरं ४५०. मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा. २० आकडे असतील तर दहाव्याची आणि अकराव्याची सरासरी. ४५२० च्या जागी ४५,२०० लिहिलं तरी मध्यक ४५० च राहतो, कारण त्याला फक्त ‘हा वरच्या बाजूला आहे’ एवढंच कळतं, किती वर आहे ते नाही. सरासरीत मात्र प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. म्हणून एकच आकडा तिला हवं तिथे ओढून नेऊ शकतो.

दोन्हींत मोठी तफावत दिसली तर भलता आकडा किंवा एका बाजूला कललेला डेटा आहे हे नक्की. पण तफावत नाही म्हणून डेटा स्वच्छ आहे असं धरू नका. आपल्या नमुन्यात ४५२० च्या जागी ४५.२ असतं, तर ९०४ आणि ४५.२ यांनी एकमेकांना सावरून घेतलं असतं आणि सरासरी ४५१.७ आली असती. प्रमाण विचलन तेव्हाही १४० च्या आसपास असतं. टॉवेलच्या लॉटला १४० ग्रॅमचं विचलन असूच शकत नाही, म्हणून पसरणीचा खानाही तितकाच निरखून बघायचा.

३. ‘तीन सिग्मा’ने भलते आकडे शोधणं थांबवा

बहुतेक वेळा बिघाड इथे लांबतो. सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं, आणि तीन विचलनांच्या बाहेर जे जाईल ते टाकून द्यायचं, ही सवय सगळ्यांना असते. अडचण अशी की ज्याला पकडायचंय तोच आकडा फूटपट्टी ताणून ठेवतो. आपल्या नमुन्यात ९०४ हा सरासरीपासून २२८.५ ग्रॅम दूर आहे, आणि विचलन ९१०.६ असल्यामुळे तो फक्त ०.२५ विचलन दूर ठरतो. दुप्पट वजनाचा टॉवेल आणि शीट म्हणते ‘नॉर्मल’. ४५२० ने त्याला झाकून टाकलं.

छोट्या नमुन्यात तर हा नियम चालूच शकत नाही. n आकड्यांपैकी कोणताही एक आकडा सरासरीपासून जास्तीत जास्त (n−१)/√n इतक्याच प्रमाण विचलनांवर असू शकतो. १० नग मोजले तर ही कमाल २.८५ येते. म्हणजे दहांपैकी एक टॉवेल दहा किलोचा लिहिला तरी तो ३ च्या रेषेच्या आतच राहणार. दोन नग दुप्पट वजनाचे लिहिले गेले असतील तर प्रत्येकाचा अंक १.९ च्या पुढे सरकत नाही. लॉटमागे १० नग तोलणाऱ्या कारखान्यात तीन सिग्माचा फिल्टर बसवला असेल तर तो आजवर एकदाही पेटला नसणार, आणि त्यावरूनच सगळं आलबेल आहे असा समज झालेला असतो.

एक एक आकडा काढत पुन्हा पुन्हा तोच नियम लावत गेलं तर २० च्या नमुन्यात काम होतं: आधी ४५२० जातो, मग ९०४. पण दहाच्या नमुन्यात पहिलाच जात नाही, त्यामुळे दुसऱ्याची पाळीच येत नाही.

४. पसरणीसाठी मॅड काढा

मॅड म्हणजे मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा मध्यक. नाव जड आहे, कृती सोपी. प्रत्येक वजनातून ४५० वजा करा, ऋण चिन्ह सोडून द्या, आलेली अंतरं पुन्हा क्रमाने लावा:

०, ०, १, १, १, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ८, ९, ११, ४५४, ४०७०

दहावं आणि अकरावं अंतर ४ आणि ४. मॅड झाला ४ ग्रॅम. याचा अर्थ निम्मे टॉवेल मध्यकापासून ४ ग्रॅमच्या आत आहेत. ४५४ आणि ४०७० रांगेच्या शेवटी नुसते उभे आहेत, मधल्या जागेला त्यांचा हात पोचत नाही.

हा ४ थेट प्रमाण विचलनाच्या जागी लिहायचा नाही. घंटेच्या आकाराच्या, म्हणजे नॉर्मल वितरणाच्या डेटात मॅड हा प्रमाण विचलनाच्या ०.६७४५ पट असतो, म्हणून विचलनाशी तुलना करायची तर त्याला १.४८२६ ने गुणतात. ४ × १.४८२६ = ५.९३. स्वच्छ १८ नगांचं विचलन ५.२ होतं. जवळचं उत्तर आलं, तेही एकही आकडा न काढता.

एक्सेलमध्ये:

```
=MEDIAN(IF(ISNUMBER(A2:A21),ABS(A2:A21-MEDIAN(A2:A21))))
```

जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र नुसतं एंटर दाबून चालत नाही, Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. नाहीतर एरर येते किंवा, त्याहून वाईट, एकाच खान्याचं अंतर मॅड म्हणून दिसतं. `ISNUMBER` चा भाग वगळू नका. मधे एखादा खाना रिकामा राहिला तर वजाबाकीत एक्सेल त्याला शून्य धरतं आणि ४५० ग्रॅमचं एक खोटं अंतर रांगेत घुसतं. चार-पाच खाने रिकामे असले की मॅड नकळत फुगतो आणि कारण काही केल्या सापडत नाही.

आता नेहमीची चूक: `AVEDEV`. नावावरून हेच असावं असं वाटतं, पण ते सरासरीपासूनच्या अंतरांची सरासरी काढतं. दोन्ही पायऱ्यांवर सरासरीच असल्याने भलत्या आकड्यांपुढे ते टिकत नाही. आपल्या नमुन्यात `AVEDEV` चं उत्तर ४०७.३ येतं, मॅड ४ आहे. पांडाजच्या जुन्या आवृत्त्यांतलं `mad()` सुद्धा हेच सरासरीवालं होतं, २.० पासून ते काढून टाकलंय. जुनी स्क्रिप्ट कोणाकडून उचलली असेल तर एवढी ओळ तपासून घ्या.

कापायची रेषा: मध्यकापासूनचं अंतर भागिले (१.४८२६ × मॅड). हा अंक ३.५ च्या वर गेला तर आकड्यावर खूण करा. ३.५ ही इग्लेविच आणि होग्लिन यांनी १९९३ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे आणि कारखान्याच्या नोंदींना ती पुरते. आपल्या लॉटला ३.५ × ५.९३ = २०.८, म्हणजे ४२९.२ ते ४७०.८ ही पट्टी. ९०४ चा अंक आला ७६.६ आणि ४५२० चा ६८६. तीन सिग्माने ज्याला ०.२५ दिला होता तोच हा ९०४.

ही पट्टी नोंदीतली चूक शोधायला आहे, माल पास-नापास करायला नाही. ४७५ ग्रॅमच्या टॉवेलवर खूण आली तर तो नग परत काट्यावर ठेवायचा, एवढाच तिचा अर्थ. ग्राहकाने वजनात किती सूट दिली आहे ते ऑर्डरच्या कागदावरून ठरतं.

५. छाटलेली सरासरी: ०.१ म्हणजे नक्की किती?

मध्यक टिकाऊ आहे, पण तो मधल्या एक-दोन आकड्यांवरच बोलतो, त्यामुळे स्वच्छ डेटात लॉटमागून लॉट सरासरीपेक्षा जास्त हलतो. नॉर्मल डेटात १०० नगांचा मध्यक साधारण ६४ नगांच्या सरासरीइतकाच भरवशाचा असतो. महिन्याचा आलेख काढायचा असेल तर ही थरथर नडते. तिथे छाटलेली सरासरी कामाची: दोन्ही टोकांचे ठरावीक आकडे काढायचे आणि उरलेल्यांची साधी सरासरी घ्यायची.

ऑफिसातली भांडणं होतात ती इथे. एक्सेलच्या `TRIMMEAN` मध्ये लिहिलेला अंश दोन्ही बाजू मिळून असतो. पायथनच्या सायपायमध्ये आणि आरमध्ये तोच अंश प्रत्येक बाजूचा असतो.

```
=TRIMMEAN(A2:A21,0.1)    475.0
=TRIMMEAN(A2:A21,0.2)    450.3
```

पहिल्यात एकूण २ आकडे गेले: खालून ४३९ आणि वरून ४५२०. ९०४ आतच राहिला आणि सरासरी २५ ग्रॅमने फुगली. दुसऱ्यात प्रत्येक बाजूने दोन गेले आणि सरासरी जागेवर आली. पायथनमध्ये हेच ०.१ लिहून मिळतं:

```
from scipy import stats
stats.trim_mean(x, 0.1)                        # 450.3125
stats.median_abs_deviation(x)                  # 4.0
stats.median_abs_deviation(x, scale="normal")  # 5.93
```

शेवटच्या दोन ओळींतला फरकही ध्यानात ठेवा. सायपाय मॅडला आपणहून १.४८२६ ने गुणत नाही, सांगावं लागतं. आरमधलं `mad(x)` मात्र न सांगता गुणतं. एकाने ४ लिहिलं आणि दुसऱ्याने ५.९३, तर दोघंही बरोबर असतात. शीटवर कोणता आहे ते शीर्षकात लिहून टाका.

`TRIMMEAN` आणखी एक गोष्ट न सांगता करतं: काढायच्या आकड्यांची संख्या खालच्या सम संख्येवर आणतं. १५ नगांवर ०.१ दिलं तर १.५ चं होतं शून्य, काहीच छाटलं जात नाही, आणि उत्तर साध्या सरासरीइतकंच येतं. ‘लावूनही फरक पडत नाही’ या लक्षणामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

किती छाटायचं हे एका बाजूला किती भलते आकडे येऊ शकतात त्यावर ठरवा. प्रत्येक बाजूने दोन छाटत असाल आणि एकाच बाजूला तीन भलते आले, तर तिसरा आत राहतो. आपल्या नमुन्यात ४३९ च्या जागी ४३९० पडलं असं धरा: प्रत्येक बाजूने दोन छाटूनही ९०४ उरतो आणि छाटलेली सरासरी ४५०.३ वरून ४७९.१ वर जाते. मध्यक त्याच वेळी ४५०.५ असतो. मध्यक आणि मॅड जवळपास निम्मे आकडे बिघडेपर्यंत तग धरतात. छाटलेली सरासरी तुम्ही जितकं छाटलंय तेवढंच सोसते. वजनाच्या नोंदींना प्रत्येक बाजूने १० टक्के ही सुरुवात ठीक आहे. रोज नवीन माणूस नोंदी करत असेल तर २० टक्के घ्या.

आणि एक उलटी सवय: आधी खूण केलेले आकडे हाताने काढायचे आणि मग उरलेल्यांवर पुन्हा छाटलेली सरासरी लावायची. दोनदा छाटणी झाली की महिनाअखेरीला किती नग हिशेबात होते हे कोणालाच सांगता येत नाही. मूळ स्तंभ तसाच ठेवा, खूण शेजारच्या स्तंभात करा.

६. मॅड शून्य आला तर काटा तपासा

वरचेच २० आकडे १० ग्रॅमच्या टप्प्याने वाचणाऱ्या काट्यावर मोजले असते तर ११ नग ‘४५०’ दिसले असते. निम्म्याहून जास्त आकडे एकसारखे झाले की मधलं अंतर शून्य होतं आणि मॅड शून्य. मग एकतर भागाकार अडतो, नाहीतर ४४० आणि ४६० वरही खूण येते. सूत्रात चूक शोधत बसू नका, चूक सूत्रात नाही. काटा ज्या टप्प्याने वाचतो त्यापेक्षा बारीक पसरण तो दाखवणार कुठून?

स्वस्त उपाय आधी: काटा १ ग्रॅमच्या टप्प्यावर लावता येतो का बघा, बऱ्याच काट्यांना तशी सोय असते. ती नसेल तर १ ग्रॅमचा काटा आणा. तोपर्यंत मॅडच्या जागी एक किमान आकडा धरा, आणि तो स्वच्छ जुन्या लॉटच्या नोंदींवरून ठरवा: आपल्या उदाहरणात ४. चतुर्थकांचं अंतर वापरूनही इथे सुटका होत नाही. या गोल केलेल्या आकड्यांवर एक्सेलच्या `QUARTILE.INC` ने ते अवघं २.५ येतं, म्हणजे तेही काट्याच्या टप्प्याहून बारीक.

याउलट नगच फार कमी असतील तर मॅड भरवशाचा राहत नाही. नॉर्मल डेटात त्याची कार्यक्षमता प्रमाण विचलनाच्या ३७ टक्केच आहे; टिकाऊपणाची ही किंमत मोजावी लागते. पाच नगांचा मॅड एका लॉटला २ आणि पुढच्याला ७ येऊ शकतो आणि त्यात काही बिघाड नसतो. लॉटमागे निदान २० नग तोला, किंवा एकाच मालाच्या मागच्या काही लॉटची अंतरं एकत्र करून एकच मॅड वापरा.

७. भलता आकडा खरा असेल तर

इथून पुढे शीटवर काम भागत नाही, उठून मालापर्यंत जावं लागतं. म्हणून ही तपासणी शेवटी.

खूण आलेला नग परत तोला. वजन ४५२ भरलं तर नोंद दुरुस्त करा. खरंच ९०४ भरलं तर तो टॉवेल नसून दुसराच नग आहे. दहांत एकापेक्षा जास्त नगांवर खूण येत असेल तर ‘भलते आकडे’ हे निदानच चुकलंय: दोन प्रकारचा माल एकत्र झाला असणार. ७५ बाय १५० चाच, पण ५०० जीएसएमचा टॉवेल ५६२.५ ग्रॅम भरतो. २० पैकी ८ नग तसले असतील तर मॅडची पट्टी आठहीवर खूण करेल आणि मध्यक निमूटपणे ४५० च्या घोळक्यात बसून राहील. त्या मध्यकाला काही अर्थ नाही. माग क्रमांकानुसार किंवा लेबलनुसार वेगळे करून दोन्हींचा हिशेब स्वतंत्र करा.

हवामान हा दुसरा सापळा. सुती मालाचं व्यापारी वजन ८.५ टक्के ओलावा धरून ठरतं. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत टॉवेल तेवढा ओलावा धरून ठेवत नाही. तो ५ टक्क्यांवर आला तर ४५० ग्रॅमचाच टॉवेल साधारण ४३५ भरतो. इथे सगळा लॉट एकदम सरकतो, एकही आकडा वेगळा पडत नाही, आणि मध्यक, मॅड, छाटलेली सरासरी यांपैकी कोणीच ओरडत नाही. वजन कमी भरलं म्हणून सूत वाढवण्याआधी नमुना काही तास प्रमाणित हवेत ठेवून तोला.

तिसरा प्रकार म्हणजे मुळातच एका बाजूला कललेला डेटा. माग बंद राहिल्याची मिनिटं घ्या: ३, ४, ४, ५, ६, ७, ९, १२, २०, १८०. मध्यक ६.५, मॅड २.५, त्यामुळे वरची रेषा १९.५ मिनिटांवर येते आणि २० मिनिटांच्या साध्या थांब्यावरही खूण पडते. मॅडची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी असते, हा डेटा तसा नाही. मिनिटांचा लॉगरिदम घ्या (`=LN(A2)`) आणि त्या स्तंभावर तोच हिशेब करा: २० चा अंक १.६ येतो, म्हणजे तो सुटतो, आणि १८० चा ४.६, म्हणजे तो पकडला जातो.

पण पकडला म्हणून १८० फेकायचा नाही. तीन तास माग खरंच बंद होता आणि तेवढं उत्पादन खरंच बुडालं. ‘साधारण थांबा किती?’ या प्रश्नाला छाटलेली सरासरी उत्तर देते. ‘महिन्यात किती तास गेले?’ याला फक्त बेरीज. सुताचा खप, वेस्ट, वीज, जिथे शेवटी एकूण आकडा लागतो तिथे खरे मोठे आकडे छाटले की हिशेब हमखास कमी भरतो.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

५०० ग्रॅमचं मुद्रांकित वजन काट्यावर ठेवून प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत असेल, किंवा सारखाच पण चुकीचा येत असेल, तर शीट बंद करा. काट्याचं सील स्वतः तोडू नका. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा आणि नंतर वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी करून घ्या. हलणाऱ्या काट्याच्या आकड्यांवर कितीही टिकाऊ सूत्र लावलं तरी काट्याचाच दोष हाती लागतो.

लॉटमागून लॉट दहांत एकापेक्षा जास्त खुणा येत असतील आणि मालात मिसळही सापडत नसेल, तर विणाईच्या तंत्रज्ञाला दाखवा. पाइलची उंची किंवा ताण मागागणिक बदलत असण्याची शक्यता असते, आणि ते वजनाच्या स्तंभातून उमगत नाही.

आणि वजनावरून ग्राहकाशी वाद लागला, क्लेम आला, आणि छाटलेल्या सरासरीसोबत ‘अधिक-उणे किती’ हे लेखी द्यायची वेळ आली, तर संख्याशास्त्रज्ञाची गाठ घ्या. इथे घरगुती हिशेब हमखास चुकतो. छाटून उरलेल्या १६ नगांचं विचलन ४.२४ आहे, त्याला √१६ ने भागून प्रमाण त्रुटी १.०६ येते, आणि ती खोटी लहान असते, कारण टोकं आपणच कापलेली आहेत. बरोबर रीत अशी: छाटलेल्या आकड्यांच्या जागी त्या त्या बाजूचा शेवटचा उरलेला आकडा ठेवायचा (खाली दोनदा ४४३, वर दोनदा ४५८), त्या २० आकड्यांचं विचलन काढायचं, ते येतं ५.१०, आणि त्याला ०.८ × √२० ने भागायचं. प्रमाण त्रुटी १.४३. क्लेमच्या कागदावर १.०६ लिहिलं आणि समोरच्याच्या प्रयोगशाळेने १.४३ काढलं, तर बाकीचे आकडे बरोबर असूनही तुमचा कागद बाजूला पडतो.